अटकेआधीची सही

दुबईहून येणारं विमान रात्री दीडला मुंबईत उतरतं. सव्वादोन वाजता एक प्रवासी ग्रीन चॅनलमधून बाहेर पडताना थांबवला जातो. इथपासून दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता किल्ला कोर्टात उभं राहीपर्यंत काय काय घडतं, ते क्रमानं लिहितो. हा प्रवासी नमुन्याचा आहे, कुणा एकाचा नाही, पण त्याच्या कागदांत जे असतं ते बहुतेकांच्या कागदांत असतं. पोलिसांच्या अटकेची सवय असलेला वकील कस्टम्सच्या प्रकरणात पहिल्यांदा उभा राहिला की रिमांडपासून विचार सुरू करतो. इथे मात्र रिमांडपर्यंत निम्मी केस लिहून झालेली असते, आणि लिहिणाऱ्यांत खुद्द आरोपीही असतो.

थांबवल्यावर पहिला प्रश्न असतो, 'डिक्लेअर करण्यासारखं काही आहे का?' उत्तर 'नाही' येतं आणि पंचनाम्यात ते उतरतं. मग दोन पंच बोलावले जातात. अंगझडतीआधी प्रवाशाला सांगावं लागतं की तुम्ही मागणी केलीत तर राजपत्रित कस्टम्स अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती होईल. कस्टम्स कायद्याचं कलम १०२ ते सांगतं. ही नोटीस छापील असते. त्यावर प्रवाशानं 'अधिकाऱ्यासमोर चालेल' असं लिहून सही केलेली सापडते. बाईची झडती बाईनंच घ्यायची, हेही त्याच कलमात आहे. सोनं पोटात किंवा गुदद्वारात लपवल्याचा संशय असेल तर एक्स-रेसाठी मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. मात्र प्रवाशानं स्वतः कबूल करून संमती दिली तर आदेशाची गरज उरत नाही, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा संमतीचाच कागद असतो.

आपल्या प्रवाशाकडे चार कॅप्सूल निघतात. मेणात कालवलेली सोन्याची भुकटी. एकूण वजन १,०२० ग्रॅम. सकाळी सरकारमान्य मूल्यमापक येतो, मेण जाळतो, लगड ओततो, आणि निव्वळ वजन भरतं ८४५ ग्रॅम. बाजारभाव १० ग्रॅमला १ लाख २० हजार धरला तर किंमत होते १ कोटी १ लाख ४० हजार.

हा आकडा नीट पाहा, कारण पुढचं बरंच काही याच्यावर लटकलेलं आहे. कस्टम्सच्या गुन्ह्यात जामीनपात्र की अजामीनपात्र हे कलम १०४ मध्येच ठरलेलं आहे. जाहीर न केलेल्या मालाची बाजारातली किंमत १ कोटीच्या वर गेली की गुन्हा अजामीनपात्र. बुडवलेलं शुल्क ५० लाखांच्या वर गेलं तरीही, आणि आणखीही एकदोन वाटा आहेत. पण विमानतळावरच्या सोन्यात बहुधा हा १ कोटीचाच उंबरठा आडवा येतो. इथे तो १ लाख ४० हजारांनी ओलांडला गेला आहे. लगड १२ ग्रॅमनं कमी भरली असती तर किंमत ९९ लाख ९६ हजार झाली असती आणि जामीन अधिकाऱ्यालाच द्यावा लागला असता. म्हणून मूल्यमापकाचं प्रमाणपत्र हातात आलं की मी आधी तीन गोष्टी बघतो: वजन मेणासकट आहे की निव्वळ, शुद्धता ९९९ लिहिली आहे की ९९५, आणि भाव कुठल्या तारखेचा धरला आहे. पंचनाम्यात सहसा दोन किमती असतात, एक सरकारनं ठरवलेली टॅरिफ किंमत आणि दुसरी स्थानिक बाजारभावाची. कलमात शब्द 'बाजारभाव' असाच आहे, तेव्हा टॅरिफ किंमत दाखवून युक्तिवाद करू नये. त्याच्याऐवजी त्या दिवसाच्या भावावर बोट ठेवावं.

दुसरा एक आकडा कायद्यात नाही, परिपत्रकात आहे. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे बॅगेज किंवा सोन्यासारख्या मालाच्या तस्करीत किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तरच सर्वसाधारणपणे अटक करायची. व्यापारी आयातीतल्या फसवणुकीत ही मर्यादा २ कोटी आहे. हत्यारं, बनावट नोटा, वन्यजीव अशा मालाला किमतीची अट नाही. तेव्हा सोनं तोळ्याला ५० हजारांच्या आसपास होतं, म्हणजे अटकेसाठी जवळपास किलोभर सोनं लागायचं. आजच्या आपल्या भावानं अर्ध्या किलोच्या आतच ती हद्द गाठली जाते. परिपत्रक जागच्या जागी आहे, सोन्यानं मात्र ते पार केलं. त्यामुळे पूर्वी दंड भरून घरी जाणारा माणूस आता आत जातो.

सकाळी अकराच्या सुमाराला समन्स हातात दिलं जातं, कलम १०८ खाली. पोलिसांपेक्षा वेगळं असं जे काही आहे ते या एका कागदात सामावलेलं आहे. पोलिसांनी जबाब घेतला तर साक्षीदाराची त्यावर सही घेत नाहीत, आणि आरोपीनं पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतच नाही. तेच आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. कस्टम्स अधिकारी मात्र कायद्याच्या दृष्टीनं पोलीस नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ साली बरकत राम आणि १९६८ साली रमेशचंद्र मेहता या निकालांत हे ठरवलं आणि ते आजवर टिकून आहे. त्यामागचा तर्क असा की त्याचं मुख्य काम शुल्क वसूल करणं आणि तस्करी रोखणं हे आहे, गुन्हा शोधून आरोपपत्र दाखल करणं हे नाही. समन्सखालची चौकशी ही न्यायिक कार्यवाही मानली जाते, म्हणून खोटं बोललात तर तो वेगळा गुन्हा. शिवाय मेहता निकालानं असंही म्हटलं की रीतसर फिर्याद दाखल होईपर्यंत हा माणूस 'आरोपी'च नाही, त्यामुळे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा राज्यघटनेतला हक्क त्याला या टप्प्यावर लागू होत नाही. एका खोलीत, एका टेबलाशी, रात्रभर न झोपलेला माणूस बसलेला असतो, आणि त्याच्यासमोर येणारा कागद थेट पुरावा म्हणून कोर्टात जाणार असतो.

जबाबाचं स्वरूप ठरलेलं असतं. नाव, शिक्षण, कुटुंब, किती वेळा परदेशी गेलात, तिकीट कुणी काढलं, सोनं कुणी दिलं, बाहेर कोण घेणार होतं, किती पैसे मिळणार होते. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य येतं: 'हा जबाब मी स्वखुशीनं, कुठल्याही दबावाशिवाय दिला असून तो मला हिंदीत समजावून सांगण्यात आला.' मजकूर इंग्रजीत टाइप केलेला, प्रवासी रत्नागिरीचा, शाळा सातवीपर्यंत. हे वाक्य वाचलं की विचारावं, समजावून सांगणारा कोण होता? त्याची सही आहे का? बहुतेक वेळा नसते.

या टप्प्यावर काय करता येतं ते नातेवाईक फोनवर विचारतात. जबाब स्वतःच्या हातानं, स्वतःच्या भाषेत लिहून देण्याची मागणी करता येते. मराठीत लिहिलेला जबाबही जबाबच असतो. इंग्रजी मजकुरावर सही करावीच लागली तर सहीशेजारी 'मला इंग्रजी वाचता येत नाही' एवढं मराठीत लिहावं. ही एक ओळ पुढे दहा पानांच्या युक्तिवादापेक्षा जास्त कामाला येते. प्रत्येक पानावर सहीबरोबर वेळ टाकावी. समन्स टाळू नये, तो वेगळा गुन्हा होतो. गप्प बसण्यापेक्षा 'मला याची माहिती नाही' असं खरं असेल तर तसं लिहावं.

वकील आत बसू शकतो का? पूलपांडी प्रकरणात १९९२ साली सर्वोच्च न्यायालयानं तसा हक्क नाकारला. २०११ च्या जुगल किशोर सामरा प्रकरणात मात्र वकिलानं दिसेल पण ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर बसायला परवानगी दिली. २७ फेब्रुवारी २०२५ च्या राधिका अग्रवाल निकालात न्यायालयानं स्पष्ट केलं की अटक झालेल्या माणसाला चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटण्याचा जो हक्क पोलिसांच्या बाबतीत आहे, तो कस्टम्सच्या अटकेलाही लागू आहे, फक्त संपूर्ण चौकशीभर नाही. पण नीट वाचा: अटक झालेल्या. समन्सवर बसलेला माणूस कागदोपत्री अटकेत नसतो. विमानतळावरची खोली याच फटीत असते.

रात्री साडेअकराला अटकेचा मेमो तयार होतो. दुसऱ्या दिवशी तीनला कोर्ट. मेमोपासून मोजलं तर साडेपंधरा तास, चोवीसच्या आत आरामात. ग्रीन चॅनलपासून मोजलं तर पावणेसदतीस तास. कुठलं घड्याळ खरं? मुंबई उच्च न्यायालयानं अशाक हुसेन अल्ला देठा प्रकरणात म्हटलं आहे की माणसाचं स्वातंत्र्य अडवलं त्या क्षणी अटक सुरू होते, अधिकाऱ्यानं मेमोवर वेळ लिहिली तेव्हा नाही. विभागाचं उत्तर ठरलेलं असतं, तो समन्सवर स्वतः थांबला होता. म्हणून मधल्या वेळेचे धागे गोळा करावे लागतात: पासपोर्ट कधी काढून घेतला, फोन कधी बंद झाला, घरच्यांना पहिला फोन कितीला आला, जेवण कुणी आणलं, पंचनामा कधी सुरू होऊन कधी संपला. पासपोर्ट आणि फोन दोन्ही टेबलाच्या पलीकडे असताना माणूस 'स्वतः थांबला' हे मॅजिस्ट्रेटला पटवायला विभागाला कष्ट पडतात. तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर प्रत्येक कोर्ट हा मुद्दा उचलत नाही. तो पहिल्याच रिमांडला, लेखी मांडला नाही तर नंतर कुणी ऐकत नाही.

मेमोसोबत काय असायला हवं यात गेल्या काही वर्षांत खरा बदल झाला आहे. पूर्वी अटकेची कारणं तोंडी सांगितली असं लिहून भागायचं. ईडीच्या प्रकरणांत आधी पंकज बन्सल निकालानं ऑक्टोबर २०२३ मध्ये ती लेखी द्यायला लावली. राधिका अग्रवाल निकालानं कस्टम्स आणि जीएसटी अधिकाऱ्यांनाही शिस्त लावली: अधिकाऱ्याकडे 'मानण्यास कारण' होतं ते नोंदलेलं पाहिजे, मिळालेली माहिती, अटकेची वेळ, जप्ती आणि जबाब यांची नोंदवही ठेवली पाहिजे. त्यामुळे आता पहिल्या रिमांडला मागायचा पहिला कागद पंचनामा नाही, ही कारणं. 'तुम्ही कलम १३५ खाली गुन्हा केला आहे' एवढीच ओळ असेल तर ती कारणं नव्हेत, ते कलमाचं नाव आहे.

कोर्टात विभाग पोलिसांसारखी कोठडी सहसा मागत नाही, चौदा दिवसांची न्यायालयीन कोठडी मागतो. जबाब हातात आल्यावर माणूस पुन्हा ताब्यात हवाय कशाला. मॅजिस्ट्रेटला असा रिमांड देता येतो हे १९९४ च्या दीपक महाजन निकालानं पक्कं केलं. न्यायाधीश विचारतात, 'काही तक्रार आहे का?' भांबावलेला माणूस 'नाही' म्हणतो आणि रोजनाम्यात ते कायमचं बसतं. जबाब दबावाखाली घेतला असेल तर तो मागे घेत असल्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. कारण म्हणून नुसतं 'दबाव होता' असं लिहून चालत नाही. कुणी, कितीला, काय म्हटलं, किती तास झोपू दिलं नाही, हे हवं. मागे घेतलेला जबाब आपोआप बाद होत नाही. १९९७ च्या पावुन्नी निकालाप्रमाणे तो स्वेच्छेनं दिलेला आढळला तर त्यावर शिक्षाही होऊ शकते, फक्त न्यायालय सावधगिरी म्हणून दुजोरा शोधतं. दोन महिन्यांनी तुरुंगातून पाठवलेली माघार 'नंतर सुचलेली' ठरते, आणि विभाग तिचं लेखी खंडन फाइलला लावून ठेवतो.

जामीनअर्जावर विभागाचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, येतं: तपास प्राथमिक टप्प्यात, मागचा सूत्रधार फरार. शिक्षा जास्तीत जास्त सात वर्षांची असल्यानं मॅजिस्ट्रेटच जामीन देऊ शकतात. अटी साधारण पासपोर्ट जमा आणि आठवड्यातून एकदा कार्यालयात हजेरी अशा. जामीन नाकारला गेला तर साठाव्या दिवसाकडे लक्ष ठेवावं. एफआयआर नाही आणि आरोपपत्रही नाही, पण साठ दिवसांत फिर्याद दाखल झाली नाही तर जामिनाचा हक्क इथेही मिळतो. फिर्यादीसाठी कलम १३७ खाली आयुक्तांची मंजुरी लागते, ती फाइल बरेचदा वेळेत फिरत नाही. एकसष्टाव्या दिवशी सकाळी अर्ज तयार असावा. विभागाची फिर्याद आधी नोंदली गेली तर हक्क गेला.

सोन्याचा मार्ग वेगळाच चालतो. जप्तीपासून सहा महिन्यांत कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, ती मुदत आणखी सहा महिने वाढवता येते. नोटीस आलीच नाही तर माल परत. सोन्याच्या बाबतीत ते तस्करीचं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं कलम १२३ प्रमाणे ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर. विमानतळावरच्या गठ्ठ्यात एक छापील कागद असतो, 'मला नोटीस नको, तोंडी सुनावणीही नको.' त्यावर न बघता सही केलेली असते. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये असा छापील नकार ग्राह्य धरायला नकार दिला, तेव्हा तो कागद असला तरी हातपाय गाळू नयेत.

आता त्याच टेबलावर, त्याच अधिकाऱ्यासमोर, सोन्याऐवजी बँकॉकहून आणलेला गांजा निघाला तर? कायदा बदलतो, एनडीपीएस हा अमली पदार्थांचा कायदा लागतो, आणि २०२० च्या तोफान सिंग निकालाप्रमाणे तोच अधिकारी त्या कायद्यापुरता 'पोलीस' ठरतो. त्याच्यापुढची कबुली पुरावा म्हणून शून्य. म्हणजे एकाच माणसानं एकाच रात्री दोन जबाब दिले, एक सोन्याबद्दल आणि एक गांजाबद्दल, तर पहिला कोर्टात चालेल, दुसरा चालणार नाही. तर्क म्हणून हे विचित्र वाटतं, मलाही वाटतं. पण दोन्ही जबाब एकाच कागदावर घेतलेले असतील तर ते वेगळे करून मागणं वकिलाच्या हातात आहे. गांजातला दिलासा जबाबापुरताच. व्यावसायिक प्रमाण, म्हणजे गांजा २० किलो, ओलांडलं तर कलम ३७ मुळे जामीन सोन्यापेक्षा कितीतरी अवघड.

जीएसटीची अटक विमानतळासारखी जागच्या जागी होत नाही. कलम ६९ खाली आयुक्तांनी त्या विशिष्ट माणसासाठी आदेश काढावा लागतो. खोटी बिलं किंवा फसवून घेतलेला वळता कर यांतली कराची रक्कम ५ कोटींच्या वर असेल तर गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तिथला दबाव जबाबाचा कमी आणि पैशाचा जास्त असतो. रात्री झडती चालू असताना डीआरसी-०३ हा कर भरण्याचा फॉर्म भरून 'स्वेच्छेनं' कर भरायला लावतात. मे २०२२ च्या सूचनेनं झडतीदरम्यान वसुली करायला मनाई आहे आणि राधिका अग्रवाल निकालानं जबरदस्तीनं भरलेली रक्कम परत मागता येईल असं म्हटलं. त्याच निकालानं हेही मोकळं केलं की अटकेची खरीखुरी भीती असेल तर एफआयआर नसतानाही अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. समन्स आल्यावर हा अर्ज आणि चौकशीला हजेरी, दोन्ही एकत्र चालवावं.

आयकराच्या छाप्यात लोक अटकेची भीती घेऊन बसतात, ती बहुतेक निराधार असते. छापा टाकणाऱ्या आयकर अधिकाऱ्याला चौकशीत अटक करता येत नाही. थकबाकीच्या वसुलीसाठी वसुली अधिकाऱ्याला असलेला अधिकार निराळा आणि क्वचित वापरला जाणारा आहे.

ईडीचा जबाब मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ५० खाली, कस्टम्सच्या १०८ चाच थोरला भाऊ. २०२२ च्या विजय मदनलाल निकालानं ईडीचे अधिकारीही पोलीस नाहीत असं म्हटलं आणि त्यांचा ईसीआयआर, म्हणजे प्रकरणाची अंतर्गत नोंद, आरोपीला द्यायची सक्ती नाही असंही. पण फरक जामिनात आहे: कलम ४५ प्रमाणे माणूस दोषी नसल्याचं न्यायालयाला प्रथमदर्शनी वाटलं पाहिजे आणि तो पुन्हा गुन्हा करणार नाही याचीही खात्री पटली पाहिजे. त्यामुळे जबाबातलं प्रत्येक वाक्य जामिनाच्या सुनावणीतच तोलून पाहिलं जातं. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रात्री साडेदहापासून पहाटे तीनपर्यंत एका ज्येष्ठ व्यावसायिकाचा जबाब घेतल्याबद्दल ईडीला फटकारलं आणि झोप ही माणसाची मूलभूत गरज असल्याचं सांगितलं. अटक मात्र बेकायदा ठरवली नाही, कारण त्यानं रात्री बसायला संमती दिल्याचं कागदावर होतं.